छोट्या खिडकीतला व्हिडिओ कॉल: होम दाबलं की आत नेमकं काय होतं?

आजचा विषय अगदी रोजचा आहे. व्हिडिओ कॉल चालू असताना आपण होम दाबतो आणि कॉल आकसून कोपऱ्यात जातो. मग खाली आपण मेसेज वाचतो, फॉर्म भरतो, पैसे पाठवतो. पण कधी ती खिडकी येतच नाही. कधी समोरचा म्हणतो, 'अरे, तू थिजलायस.' आणि कधी आपण खिडकी बंद करतो, पण कॉल चालूच राहतो. हे तिन्ही प्रकार वेगवेगळे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती नीट समजली की बाकीचं आपोआप सुटतं. मी मुख्यतः अँड्रॉइडबद्दल बोलणार आहे, शेवटी थोडं आयफोनबद्दल.

एक उदाहरण घेऊन चालूया. समजा, तुम्ही पुण्यात रूमवर आहात आणि आई गावी आहे. तुम्हाला कॉलेजचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय, पण बँकेचं पासबुक आईकडे आहे. तुम्ही व्हिडिओ कॉल लावला. आईने पासबुक कॅमेऱ्यासमोर धरलं. आता तुम्हाला ब्राउझरमध्ये खाते नंबर टाइप करायचाय आणि त्याच वेळी आईही दिसायला हवी.

ही खिडकी म्हणजे काय?

या सोयीचं नाव पिक्चर-इन-पिक्चर. अँड्रॉइड फोनवर ती २०१७ मध्ये, अँड्रॉइड ८ पासून आली. बऱ्याच जणांना वाटतं की कॉल मागे कुठेतरी चालू असतो आणि ही खिडकी म्हणजे त्याची झेरॉक्स. तसं नाहीये. ती कॉलचीच मूळ स्क्रीन असते, फक्त लहान केलेली. आकाराबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे तिचा दर्जा.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक स्क्रीनची एक अवस्था असते. तुम्ही जिच्याशी बोट लावून काम करताय ती 'चालू'. जी दिसतेय पण जिच्यावर तुमचं काम चाललेलं नाही ती 'पॉज'. आणि जी अजिबात दिसत नाही ती 'स्टॉप'. कोपऱ्यातली खिडकी मधल्या अवस्थेत असते, म्हणजे दिसते पण पॉज. हे वाक्य लक्षात ठेवा, आजचा सगळा एपिसोड त्यावर उभा आहे.

म्हणूनच त्या खिडकीतली ॲपची बटणं नेहमीसारखी दाबता येत नाहीत. तुमचं बोट आधी सिस्टीमकडे जातं. एकदा टॅप केलं की सिस्टीमच वर मोजकी बटणं दाखवते: मोठं करा, बंद करा, आणि ॲपने दिली असतील तर म्यूटसारखी एक-दोन. अँड्रॉइड १२ पासून दोन बोटांनी ताणून खिडकी मोठीही करता येते. आपल्या उदाहरणात हे उपयोगी आहे, कारण एवढ्याशा चौकटीत पासबुकवरचे आकडे वाचता येणार नाहीत. खिडकी ताणा, चार आकडे वाचा, टाइप करा, पुढचे चार वाचा. कीबोर्ड उघडला की सिस्टीम खिडकी बहुतेक वेळा स्वतःच वर सरकवते.

खिडकी येतच नाही, तेव्हा

इथे होम आणि बॅक यातला फरक कळीचा आहे. तुम्ही होम दाबलं किंवा खालून वर स्वाइप केलं की सिस्टीम ॲपला कळवते की माणूस स्वतःहून बाहेर चाललाय. तो निरोप मिळाला की ॲप म्हणतं, मला लहान कर. ज्यांना कोडची आवड आहे त्यांच्यासाठी, ते एवढंसंच असतं:

```kotlin
override fun onUserLeaveHint() {
    super.onUserLeaveHint()
    enterPictureInPictureMode(
        PictureInPictureParams.Builder().build()
    )
}
```

अँड्रॉइड १२ पासून ॲप हे आधीच सांगून ठेवू शकतं, त्यामुळे स्वाइप करतानाच स्क्रीन आकसत जाताना दिसते. पण बॅकचा अर्थ वेगळा. बॅक म्हणजे 'ही स्क्रीन झाली, मागच्या स्क्रीनवर जा'. तेव्हा होमवाला निरोप जात नाही. बॅक दाबल्यावर काय करायचं हे ॲप बनवणाऱ्याने वेगळं लिहावं लागतं. कोणी खिडकी दाखवतो, कोणी ॲपच्या आतच छोटी पट्टी दाखवतो, कोणी काहीच करत नाही. त्यामुळे सवय एकच लावून घ्या: कॉलमधून बाहेर पडायचं असेल तर होम.

होम दाबूनही खिडकी आली नाही, तर सेटिंग्ज बघा. Settings मध्ये Apps, तिथे Special app access, आणि त्यात Picture-in-picture. काही फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते, मग सेटिंग्जच्या सर्चमध्ये तेच नाव टाका. यादीत तुमचं कॉलिंग ॲप असेल आणि बंद असेल, तर चालू करा. ॲप यादीतच नसेल, तर त्या ॲपने ही सोय दिलेलीच नाही. आणि हा पर्यायच कुठे सापडत नसेल, तर फोन कमी रॅमचा असू शकतो, कारण अशा फोनवर कंपनी ही सोय काढून टाकू शकते. तेव्हा ॲप परत परत इन्स्टॉल करून काही होणार नाही.

'तू थिजलायस!'

आता आपल्या गोष्टीत पुढे जाऊ. तुम्ही होम दाबलं, खिडकी आली, आई छान दिसतेय. पण आई म्हणते, 'तू हलत नाहीयेस.' आपण लगेच नेटला शिव्या घालतो. थांबा, आधी वेळ बघा.

अँड्रॉइड ९ पासून नियम आहे की मागे, नजरेआड गेलेल्या ॲपला कॅमेरा मिळत नाही. पण आपली खिडकी नजरेआड नाही, ती दिसतेय. म्हणून तिला कॅमेरा वापरायची मुभा आहे. मग थिजतं का? कारण खिडकी पॉज अवस्थेत आहे. पॉज झालं की कॅमेरा बंद करायचा, असं काही ॲप्समध्ये लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीत ते ठीक होतं, कारण पॉज म्हणजे जवळजवळ गेलंच. आता मात्र कॅमेरा `onPause` मध्ये नाही, `onStop` मध्ये बंद करायला हवा. हा दोष ॲपचा, तुमच्या नेटचा नाही.

ओळखायचं कसं? होम दाबताक्षणी चित्र थांबतं, आवाज स्वच्छ राहतो आणि खिडकी मोठी केली की लगेच परत हलायला लागतं, असं दर वेळी होत असेल तर दोष ॲपचा. कधीही थांबतं, आवाजही तुटतो, तर नेट.

क्यूआर स्कॅन केला आणि गायब

फॉर्म भरून झाला, आता फी. मित्राच्या लॅपटॉपवर क्यूआर आहे. तुम्ही यूपीआय ॲप उघडून स्कॅन दाबता आणि आई म्हणते, 'दिसेनासा झालास की!'

दोन ॲप्सनी एकाच वेळी कॅमेरा मागितला, तर अँड्रॉइड दर्जा बघतं. तुम्ही ज्या ॲपमध्ये बोट लावून काम करताय त्याचा हक्क मोठा, कोपऱ्यातल्या पॉज खिडकीचा त्यापेक्षा लहान. म्हणून कॉलकडून कॅमेरा काढून स्कॅनरला दिला जातो. कॉल पुढचा कॅमेरा वापरतोय आणि स्कॅनर मागचा, तरीही सहसा हेच होतं. आवाजाला मात्र धक्का लागत नाही. स्कॅन संपलं की चांगलं ॲप कॅमेरा परत मागून घेतं. नाही घेतला, तर खिडकी मोठी करा आणि व्हिडिओचं बटण एकदा बंद-चालू करा. आणि चेहरा दिसत राहणं गरजेचंच असेल, उदाहरणार्थ ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू असेल, तर कॉलमध्ये कॅमेरा वापरणारं दुसरं ॲप उघडूच नका. पैसे यूपीआय आयडी टाकून पाठवा.

खिडकी बंद म्हणजे कॉल बंद नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम झालं, तुम्ही खिडकीवरच्या फुलीवर टॅप केलं किंवा खिडकी खाली ओढून टाकली. तुम्हाला वाटलं कॉल संपला. पण तुम्ही फक्त स्क्रीन 'स्टॉप' केली. कॉल चालू ठेवायचं काम बहुतेक ॲप्स एका वेगळ्या सर्व्हिसला देतात. वर नोटिफिकेशनमध्ये जो 'कॉल चालू आहे' असा मेसेज दिसतो ना, तीच ती. काही ॲप्स फुली म्हणजे कॉल कट असं धरतात, पण बऱ्याच ॲप्समध्ये कॅमेरा थांबतो आणि माइक चालूच राहतो. म्हणजे रूममध्ये तुम्ही जे बोलताय ते तिकडे ऐकू जातंय.

खात्री करायची असेल तर दोन जागा बघा. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक वापरात असला की वर उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आणि नोटिफिकेशन खाली ओढून चालू कॉल आहे का ते पाहा. असेल, तर तिथूनच कॉल कट करा.

याच्याच जवळचा दुसरा गोंधळ म्हणजे स्क्रीन शेअर. नुसत्या छोट्या खिडकीतून समोरच्याला तुमचा चेहरा दिसतो, तुमचा फॉर्म, मेसेज किंवा ओटीपी दिसत नाही. पण स्क्रीन शेअर चालू केलं असेल, तर तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात तरी शेअरिंग चालूच राहतं आणि वरून पडणारा ओटीपीचा मेसेजही समोर दिसू शकतो. कॉलवर 'मी अधिकारी बोलतोय' म्हणणारा अनोळखी माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो तो यासाठीच. दोन्हीत कोपऱ्यातली खिडकी सारखीच दिसते, म्हणून बँकेचं ॲप उघडण्याआधी शेअरिंग बंद आहे ना, हे कॉल मोठा करून बघा. घरी आई-बाबांनाही हा फरक सांगून ठेवा.

आयफोनवाल्यांसाठी

आयफोनवर ही खिडकी २०२० मध्ये, आयओएस १४ बरोबर आली आणि फेसटाइमला तेव्हाच मिळाली. इतर कॉलिंग ॲप्ससाठी ॲपलने खास सोय आयओएस १५ मध्ये दिली. पण तिथे खिडकी दिसणं आणि कॅमेरा चालू राहणं या दोन वेगळ्या परवानग्या होत्या, आणि दुसरी प्रत्येक ॲपकडे नसायची. म्हणून काही ॲप्समध्ये समोरचा तुम्हाला नीट दिसतो, पण त्याच्याकडे तुमचा व्हिडिओ थांबलेला असतो. ॲप अपडेट करून बघा. तरीही तसंच राहिलं, तर त्या ॲपवर तुमच्या हातात फारसं काही नाही.

आज घरी कोणाला कॉल लावलात की एक करून बघा: होम दाबा आणि विचारा, 'मी हलतोय का?' मग खिडकीची फुली दाबा आणि विचारा, 'आवाज येतोय का?' तुमचं ॲप कसं वागतं ते दोन मिनिटांत कळेल. काय उत्तर आलं ते ॲपच्या नावासकट मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!