आईला काढा द्यावा की नको?

भोरहून एका लेकीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये, अशी तिची विनंती आहे. पत्र थोडक्यात असं :

"डॉक्टर, सा. न. वि. वि. माझ्या आईचं वय ५२. तिला स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता पुण्यात दर २१ दिवसांनी केमो चालू आहे. लाल रंगाचं इंजेक्शन असतं. दोन झाले, तिसरं पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या केमोनंतर आई अगदी गळून गेली, अन्न बघवेना. वेल्ह्याकडची मावशी आली, तिनं झाडावरची गुळवेल आणली आणि एका ओळखीच्या माणसाकडून शक्तीच्या औषधाची बाटलीही आणली. बाटलीवर काही लिहिलेलं नाही. दहाव्या दिवसापासून आई सकाळी गुळवेलीचा काढा आणि रात्री दोन चमचे टॉनिक घेते. आज पंधरावा दिवस. आई दोन भाकरी खाते, अंगणात बसते. मावशी म्हणते, झाडपाल्याचं आहे, अपाय नाही. हॉस्पिटलात सांगितलं तर डॉक्टर रागावतील, म्हणून सांगितलं नाही. हे सुरू ठेवू का?"

ताई, आधी उत्तर देते आणि मग कारण सांगते. काढा आणि बाटली, दोन्ही आजपासून थांबवा. केमोच्या आधीच्या रक्त तपासणीला जाल तेव्हा लिव्हरची तपासणीही करून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना सगळं सांगा.

आईला बरं वाटलं ते खोटं नाही. पण ते कशामुळे, हे तारखा मांडून पाहू. केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइडचं औषध देतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस माणूस तरतरीत असतो. त्याचा जोर ओसरला की तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर गळून जातो. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. मग त्या भरू लागतात, तोंडाला चव येते, तिसऱ्या आठवड्यात पेशंट हिंडू-फिरू लागतो. म्हणूनच दोन केमोंमध्ये २१ दिवसांचं अंतर असतं. तुमचा काढा दहाव्या दिवशी सुरू झाला आणि उभारी पंधराव्या दिवशी आली. पहिल्या केमोनंतर, काढा नसताना, पंधराव्या दिवशी आई कशी होती, ते आठवून पाहा.

आता 'झाडपाल्याचं आहे' याविषयी. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून कॅन्सरची औषधं बनवतात. अंगणातल्या सदाफुलीतूनही केमोची दोन औषधं मिळतात. पण म्हणून कुणी सदाफुलीची पानं वाटून पेशंटला देत नाही, कारण ते औषध मोजून, रक्त तपासून द्यावं लागतं. वनस्पतीत गुण असतो म्हणूनच अवगुणही असू शकतो.

गुळवेलीचंच घ्या. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांना कावीळ झाली, लिव्हरला सूज आली. पुढे देशातल्या अनेक हॉस्पिटलांनी मिळून असे ४३ पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद बाजूला ठेवला तरी तुमच्यापुढचा प्रश्न राहतोच : मावशीनं झाडावरून काढलेली वेल नेमकी कोणती, हे कोण सांगणार? सगळ्यांनाच त्रास होतो असं मुळीच नाही. पण केमो चालू असताना लिव्हर बिघडलं तर ते महागात पडतं.

कसं, ते सांगते. तुमच्या आईचं लाल इंजेक्शन बहुधा डॉक्सोरुबिसिन असावं. ते शरीराबाहेर टाकण्याचं काम मुख्यतः लिव्हर करतं. लिव्हर सुजलं तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं, म्हणजे ठरल्या मात्रेतही विषबाधा होऊ शकते. म्हणूनच रक्तातलं बिलिरुबिन १.२ च्या वर गेलं तर मात्रा निम्म्यावर आणायची, असा नियम आहे. त्याहून जास्त वाढलं तर ती आणखी कमी करावी लागते किंवा केमो पुढे ढकलावी लागते. शक्तीसाठी दिलेल्या काढ्यानं उपचारच लांबतो, तो असा. शिवाय काविळीचं कारण लपवलं, तर डॉक्टरांना वाटेल की आजारच लिव्हरमध्ये पसरला. मग नको त्या तपासण्या मागे लागतात.

बिननावाच्या बाटलीची मला जास्त काळजी वाटते. अशा औषधांत कधी भस्मांतून शिसं किंवा पारा जातो, तर कधी चक्क स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत भूक वाढते, अंगदुखी थांबते आणि बाटलीची कीर्ती गावभर होते. चेहरा गोल सुजला, साखर वाढली तर संशय घ्या. तुम्ही चारपाच दिवसच दिलं आहे. पण कुणी महिनोन्महिने घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं ठरतं.

आणखी एक. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा, न उकळलेला हिरवा रस कुठलाच देऊ नका. पाल्यावरची माती आणि पाणी यांतूनही जंतू पोटात जातात.

आता घरी लक्ष काय ठेवायचं? लाल इंजेक्शननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते घाबरण्याचं नाही. पण त्यानंतर लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दाखवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला तर सकाळची एसटी गाठायची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटलात फोन करा आणि निघा. थर्मामीटर घरात हवाच.

डाळीत हळद, चहात आलं, तुळशीची चार पानं धुऊन उकळलेली, हे चालेल. स्वयंपाकातली हळद निराळी आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या निराळ्या. गोळ्या नकोत. अशक्तपणासाठी आधी हिमोग्लोबिन बघा. पहिल्या आठवड्यात एका वेळी भरपूर जात नाही, म्हणून दर दोन तासांनी थोडं द्या : नाचणीची पेज, मऊ मूगखिचडी, पूर्ण उकडलेलं अंडं. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर प्लास्टिकचा चमचा वापरून पाहा.

राहिली मावशी. तिला रागावू नका, तिनं मायेनं आणलं आहे. आईचे उपचार संपले, तपासण्या नीट आल्या, की शिकलेल्या वैद्यांकडे जा, केमोचे कागद दाखवा आणि त्यांनी दिलेल्या औषधात काय आहे ते लिहून घ्या. आत्ता मात्र ती बाटली ओतून टाकू नका. पिशवीत घालून पुढच्या केमोला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. काढा किती घेतला, कोणत्या तारखेपासून, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. डॉक्टर रागावले तर पाच मिनिटं रागावतील, पण पुढची मात्रा सगळं माहीत करून घेऊन ठरवतील.