गिऱ्हाईक गेलं, हे कळतं कसं?

मोबाइलवरून ॲप काढून टाकणारा माणूस कंपनीला काही सांगून जात नाही. चिन्हावर बोट दाबून धरलं, ‘अनइन्स्टॉल’ केलं, संपलं. शेवटचा निरोप पाठवायला ॲपच उरलेलं नसतं. त्यामुळे ‘आपल्या नोटिफिकेशनना कंटाळून लोक चाललेत’ असं एखाद्या डेव्हलपरला कितीही वाटलं, तरी मॅनेजरपुढे ते दाखवून देणं अवघड जातं. मार्केटिंगकडे मात्र रोजचा पुरावा हाताशी असतो. दुपारी दोनला कांदा-बटाट्याची ऑफर पाठवली आणि तीनपर्यंत इतक्या ऑर्डर आल्या! फायदा तासाभरात दिसतो. तोटा महिनाभर थोडा थोडा होत राहतो आणि तो कोणाच्याच खात्यावर मांडला जात नाही.

तो मांडणारं टिपण कसं लिहावं, हे एका काल्पनिक किराणा ॲपवरून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

पहिल्यांदा हाताला लागतो तो पुरावा बहुधा फसवा असतो. ‘ॲप काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना आदल्या चोवीस तासांत आपली नोटिफिकेशन गेली होती’ हे वाक्य ऐकायला जबरदस्त आहे. पण रोज सगळ्यांनाच तीन ऑफर जात असतील, तर न काढणाऱ्यांनाही त्या गेलेल्याच असतात. उलट, कोणाला किती नोटिफिकेशन गेल्या ते मोजायला जावं, तर चित्र नेमकं उफराटं येतं. जो जास्त ऑर्डर देतो, त्याला ‘सामान भरलं’, ‘निघालं’, ‘दारात आलं’ अशा नोटिफिकेशनही जास्त जातात, आणि तो ॲप काढत नाही. म्हणजे जास्त नोटिफिकेशन, जास्त निष्ठा! मार्केटिंगवाले हाच तक्ता दाखवतील, आणि तक्ता खोटा नसेल.

यातून सुटायचं तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. अँड्रॉइड फोन वापरणारे वीस हजार ग्राहक घ्यायचे आणि निव्वळ योगायोगाने त्यांचे दहा-दहा हजारांचे दोन गट पाडायचे. पहिल्या गटाला पूर्वीसारख्याच दिवसाला तीन ऑफर. दुसऱ्याला आठवड्याला तीन. ऑर्डरबद्दलच्या नोटिफिकेशन दोघांनाही सारख्याच. तीस दिवस थांबायचं आणि दोन्हीकडून किती जण गेले ते मोजायचं.

पण मोजायचं कसं? इथेच अनेक प्रयोग बिघडतात. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन साधारणपणे गूगलच्या फायरबेस सेवेमार्फत जाते, आणि प्रत्येक फोनवरच्या ॲपला एक टोकन, म्हणजे पत्ता, दिलेला असतो. ॲप काढल्यावर पुढची नोटिफिकेशन त्या फोनपर्यंत जाते, तिथे ॲप नाही असं आढळतं, मग पत्ता रद्द होतो. त्यानंतर पुन्हा काही पाठवलं की सर्व्हरला `UNREGISTERED` असं उत्तर मिळतं. थोडक्यात, गेलेला माणूस आपण त्याला हाक मारल्याशिवाय कळत नाही. आता बघा: ज्या गटाला कमी नोटिफिकेशन जातात, त्या गटातले गेलेले लोक उशिरा सापडणार. काहीच फरक नसला, तरी दुसरा गट जास्त टिकल्यासारखा दिसेल. डेव्हलपरला हवं तेच उत्तर, आणि तेही चुकीचं.

उपाय सोपा आहे. दोन्ही गटांना एकाच दिवशी, सारख्याच वेळा, पडद्यावर न दिसणारा मूक संदेश पाठवायचा आणि पत्ते जिवंत आहेत का ते पाहायचं. मोजणी पत्त्यांची न करता ग्राहकांची करायची, कारण ॲप काढून पुन्हा घेणाऱ्याला नवा पत्ता मिळतो. आयफोन या मोजणीतून वगळलेले बरे. ॲप कधी काढलं ते नेमकं कळू नये म्हणून ॲपल ही खबर मुद्दामच अनियमित वेळी देतं.

समजा, महिन्याअखेर पहिल्या गटातून १,२०० जण गेले आणि दुसऱ्यातून १,०२०. फरक १८० चा. हा योगायोग असू शकतो का? त्यासाठी एक ढोबळ कसोटी आहे: दोन्ही आकड्यांची बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ काढा. २,२२० चं वर्गमूळ सुमारे ४७. फरक या वर्गमुळाच्या दुपटीहून मोठा असला, तर तो निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता फार कमी. इथे तो जवळजवळ चौपट आहे. हाच प्रयोग पाचशे-पाचशे लोकांवर केला असता, तर आकडे ६० आणि ५१ आले असते. फरक ९, वर्गमूळ साडेदहा. टक्केवारी तीच, पण त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

आता मॅनेजरचा रास्त प्रश्न: ऑर्डर किती घटल्या? समजा, पहिल्या गटाच्या ४,००० आणि दुसऱ्याच्या ३,८८०. कसोटी लावली तर १२० ची ही घट योगायोगाचीही असू शकते, पण प्रामाणिक टिपणात ती खरी धरावी. ऑर्डरमागे ३० रुपये सुटत असतील, तर ३,६०० रुपये गेले. एक नवा ग्राहक जाहिरातीतून मिळवायला ८० रुपये लागत असतील, तर टिकलेले १८० जण म्हणजे १४,४०० रुपये. यातले बरेच जण काठावरचे, क्वचितच काही मागवणारे असणार, म्हणून निम्मेच धरू: ७,२००. तरीही दुप्पट.

ॲप न काढता नुसत्या नोटिफिकेशन बंद करणारे या हिशेबात दिसत नाहीत, आणि मला तरी ते नुकसान जास्त गंभीर वाटतं. त्यांना ‘सामान दारात आहे’ हेही कळत नाही. डिलिव्हरीवाला बेल वाजवत उभा. अँड्रॉइडने २०१७ मध्येच नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनेल करायची सोय दिली. ऑफर एका चॅनेलवर आणि ऑर्डर दुसऱ्यावर ठेवली, तर माणूस फक्त ऑफर बंद करू शकतो. काही ॲप मात्र सगळं एकाच चॅनेलवरून सोडतात. वैताग ऑफरचा आणि बंद होतं सगळंच. अँड्रॉइड १३ पासून तर नव्याने घेतलेल्या ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगीच मागावी लागते.

एक मर्यादा टिपणातच लिहावी. महिन्याभरात सगळं दिसत नाही. फेसबुकच्या विश्लेषकांनी त्यांच्याकडचा असाच अनुभव जाहीर केला आहे: नोटिफिकेशन कमी केल्यावर वापर आधी घसरला, आणि तो भरून यायला बराच काळ लागला. दुसऱ्याच आठवड्यात घाबरून प्रयोग गुंडाळला असता, तर उत्तर उलटंच मिळालं असतं.

मग टिपण साधारण असं होईल:

‘मॅडम, ऑफरच्या नोटिफिकेशन दिवसाला तीनऐवजी आठवड्याला तीन कराव्यात, असं सुचवतो. दहा-दहा हजारांच्या दोन गटांवर महिनाभर पाहिलं. पूर्वीच्याच पद्धतीत १,२०० जणांनी ॲप काढलं, नव्या पद्धतीत १,०२० जणांनी. ऑर्डर १२० ने कमी झाल्या. पैशांत ३,६०० चा तोटा आणि कमीत कमी धरून ७,२०० ची बचत. ही मोजणी फक्त अँड्रॉइडची आणि एका महिन्याची आहे. म्हणून सगळीकडे लागू करण्याआधी निम्म्या ग्राहकांवर तीन महिने चालवू. ऑर्डर आणि ऑफर यांचे चॅनेल वेगळे करायला मला दोन दिवस लागतील, ते आताच करतो. सणाच्या आठवड्यात मार्केटिंगला जास्त ऑफर पाठवायच्या असतील, तर दोन्ही गटांना सारख्याच पाठवाव्यात. तिसऱ्या महिन्याअखेर नव्या पद्धतीतल्या ऑर्डर पाच टक्क्यांहून जास्त घटलेल्या असल्या, तर पूर्वीचीच पद्धत ठेवू.’