साहेब, नुसती मान हलवा!

बीडच्या मोंढ्यात तुरीची आवक सुरू झाली की बँकेच्या साहेबांच्या केबिनमधली वर्दळही वाढते. आडत्ये येतात, डाळमिलवाले येतात, ट्रान्सपोर्टवाले येतात. चहा होतो, पावसापाण्याच्या गप्पा होतात, आणि उठता उठता एखादा शेठ खुर्ची जरा पुढे ओढून आवाज खाली आणतो. खरं काम तेव्हा निघतं. ते काम कर्जाचं नसतं, दुसऱ्या कुणाच्या तरी खात्याचं असतं.

समजा, मोंढ्यातल्या एका आडत्याकडे शंभर क्विंटल तूर पडून आहे. भाव सात हजार धरला तर माल सात लाखांचा झाला. अंबाजोगाईचा एक डाळमिलवाला तो घ्यायला तयार आहे, पण पंधरा दिवसांच्या उधारीवर. तो पुढच्या तारखेचा चेक देणार आहे. त्याचं खातं याच शाखेत आहे आणि आडत्याचंही इथंच. आडत्या म्हणतो, "साहेब, आकडा नका सांगू. चेक पास होईल की नाही, एवढंच. तोंडानं नका बोलू, नुसती मान हलवा!"

आता साहेबांना ठाऊक आहे की त्या डाळमिलवाल्याचं कॅश क्रेडिट खातं तीन महिन्यांपासून मर्यादेच्या काठावर आहे आणि व्याजही वेळेवर भरलं जात नाही. बोलावं तर एका ग्राहकाची अब्रू जाते, न बोलावं तर दुसऱ्याचे सात लाख बुडू शकतात. दोघंही आपलेच, आणि उद्या दोघांनाही तोंड दाखवायचं आहे.

कायदा इथं स्पष्ट आहे. राष्ट्रीयीकृत बँकांसाठीच्या १९७० च्या कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की कायद्यानं किंवा बँकिंगच्या रूढ रीतीनं आवश्यक वा योग्य ठरेल तेवढा प्रसंग सोडून ग्राहकाच्या व्यवहाराची माहिती बाहेर द्यायची नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला कामाला हात घालण्यापूर्वी निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते.

या रीतीमागचा सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडमधला, १९२४ सालचा. टूर्नियर नावाच्या माणसाच्या खात्यावर जेमतेम साडेनऊ पौंडांची उचल थकली होती. आठवड्याला एक पौंड फेडण्याचं कबूल करून त्यानं पैसे भरणं थांबवलं. त्याच्या घरचा पत्ता हवा म्हणून शाखेच्या व्यवस्थापकानं तो काम करत होता त्या कंपनीत फोन केला आणि बोलता बोलता थकबाकी सांगून टाकली. एवढंच नाही, तो पैजांवर पैसे लावत असावा, हा आपला तर्कही ऐकवला. कंपनीनं त्याला पुढं कामावर ठेवलं नाही. अपील न्यायालयानं सांगितलं, की गुप्तता पाळणं हा बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे. अपवाद चारच: कायद्याची सक्ती, समाजाप्रती असलेलं कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडची न्यायालयंही हेच चार अपवाद प्रमाण मानत आली आहेत. दुसऱ्या ग्राहकाचं नुकसान टळावं, हा त्या चारांत बसत नाही.

म्हणजे नाही म्हणायचं, हे ठरलं. ते म्हणायचं कसं, हा खरा प्रश्न. नवखा अधिकारी इथं हमखास फसतो. विचारलेल्या माणसाचं खातं उत्तम असेल तर तो हसून म्हणतो, "अहो, काही काळजी करू नका." खातं वाईट असेल तेव्हा मात्र गंभीर होऊन म्हणतो, "आम्हाला सांगता येत नाही." वर्षभरात सगळ्या मोंढ्याला त्याची भाषा पाठ होते. 'सांगता येत नाही' म्हणजे 'माल देऊ नका', हे पोऱ्यालाही कळतं. शब्दानं काही फुटलं नाही, पण बँकेतून माहिती बाहेर गेलीच.

म्हणून मुरलेला व्यवस्थापक चांगल्या खात्याबद्दलही तेच उत्तर देतो. लखपतीची चौकशी असो की थकबाकीदाराची, शब्द तेच, चेहरा तोच, चहाही तोच. त्याचं मौन नेहमी एकाच सुरात असतं, म्हणून त्यातून कुणाला काही ऐकू येत नाही. विचारणाऱ्यासमोर तो पूर्वी लेजर उघडत नसे आणि आता संगणकावर खातंही उघडत नाही. पाहून गप्प बसणं न पाहण्यापेक्षा अवघड असतं.

पण नुसता नकार दिला तर आडत्या दुखावून जाईल. त्याला डाळमिलवाल्याची शिल्लक मुळात नकोच आहे, त्याला आपले पैसे सुखरूप हवे आहेत. त्याची सोय खात्याबद्दल अवाक्षर न काढता होऊ शकते. साहेब म्हणतात, "शेठ, उद्या तुमच्या खात्याची अशीच चौकशी घेऊन कुणी आला, तर मी काय करावं?" शेठ क्षणभर थांबतो. मग साहेब पुढचं बोलतात, "माल उधार द्यायचाच असेल तर त्यांनाच म्हणा, बँकेचा ऐपतीचा दाखला आणा. त्यांनी अर्ज केला तर आम्ही रीतसर विचार करू." ज्याची माहिती त्याच्याच संमतीनं बाहेर पडली, की चौथा अपवाद लागू होतो. अर्थात दाखला म्हणजे हमी नव्हे, हेही सांगावं लागतं.

दुसरी वाट अधिक पक्की आहे. माल ट्रकमध्ये भरायचा, बिल आणि बिल्टी मात्र बँकेत जमा करायची. बिल्टी बँकेच्या नावानं केलेली असते. डाळमिलवाल्यानं पैसे भरले की बँक ती त्याच्या हातात देते, आणि बिल्टीशिवाय ट्रान्सपोर्टवाला माल सोडत नाही. पैसे आले नाहीत तर माल आपलाच राहतो. उलट फेऱ्याचं भाडं आणि दोन दिवसांची दगदग अंगावर येते, पण सात लाख वाचतात. खरेदीदार उधारीवरच अडून बसला तर ही वाट बंद होते आणि जोखीम घ्यायची की नाही, हे शेठलाच ठरवावं लागतं.

इथंही पहिलाच नियम लागू आहे. बिल्टीचा सल्ला थकबाकीदाराच्याच वेळी दिला, तर सल्ल्याचाच इशारा होतो. म्हणून तो सगळ्यांना, सगळ्यांच्या बाबतीत द्यायचा. हे जमलं तरी एखादा शेठ ऐकत नाही, चेकवर माल देतो आणि चेक परत येतो. सोबतच्या मेमोवर 'शिल्लक अपुरी' एवढं कारण मिळतं. किती अपुरी, हे तेव्हाही कळत नाही. शेठ केबिनमध्ये येऊन म्हणतो, "साहेब, तुम्हाला माहीत होतं!" याला उत्तर नसतं आणि ते शोधूही नये. गुप्ततेची ही किंमत आहे आणि ती कधीकधी सज्जन माणसालाच मोजावी लागते.

मात्र या धंद्यात दिवस फिरायला वेळ लागत नाही. दोन वर्षं पाऊस दगा देतो, त्याच शेठची स्वतःची उचल थकते. मोंढ्यात कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी बँकेत येऊन त्याच्याबद्दल हळूच विचारतं. साहेब तेच शब्द बोलतात, तोच चहा मागवतात. शेठच्या खात्याची अवस्था बाजारात कळत नाही, त्याला हंगामाची मुदत मिळते आणि तो सावरतो. आपल्याबद्दल कुणी विचारलं होतं, हेही त्याला कधी कळत नाही, कारण साहेब तेही सांगत नाहीत.