चित्रातला पाऊस आणि पुलाची कड

हिरोशिगे या जपानी चित्रकाराने 1857 साली केलेले एक ठसाचित्र आपण कुठे ना कुठे पाहिलेच असेल. नदीवरच्या लाकडी पुलावर अचानक पाऊस गाठतो आणि माणसे छत्र्या सावरत धावू लागतात. चित्र उभे आहे, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या कापल्या की ते रीलच्या चौकटीत बसते. या एकाच चित्रावरून कॅमेरा अलगद सरकल्यासारखा कसा वाटेल, ते सांगतो.

त्यासाठी चित्राच्याच मापाचा एक करडा नकाशा लागतो. त्याला डेप्थ मॅप म्हणतात. जवळचे ते पांढरे, दूरचे ते काळे. संगणक असा नकाशा आपोआप करून देतो, पण तो मुख्यतः छायाचित्रांवर शिकलेला असतो. सपाट रंगांच्या ठसाचित्रात त्याची फसगत सहज होते. म्हणून मी नकाशा हातानेच रंगवतो. इथे पूल फिकट करडा, मधला तराफा मध्यम करडा, पलीकडचा काठ आणि ढग काळपट. नदीचे पाणी मात्र खालून वर हळूहळू गडद होत जायला हवे.

आफ्टर इफेक्ट्समधल्या डिस्प्लेसमेंट मॅपला हा नकाशा दिला, की मध्यम करडा भाग जागीच राहतो, फिकट एका बाजूला सरकतो आणि गडद उलट बाजूला. 1080 बाय 1920 च्या चौकटीत पूल दहा पिक्सेल सरकला तरी पुरे. सहा सेकंदांत तो एकदा इकडे, एकदा तिकडे जाऊन मूळ जागी यावा, आणि टोकाशी वेग मंदावावा. कडेला रिकामी पट्टी दिसू नये म्हणून चित्र तीनचार टक्के मोठे करून घ्यावे.

खरी परीक्षा पुलाच्या कडेला. तिथे पूल सरकतो, पण नकाशातली त्याची कड जागेवरच राहते. म्हणून कठड्याची शाईची रेघ तुटते किंवा रबरासारखी ताणते. यावर उपाय असा, की नकाशातला पुलाचा आकार सरकण्याइतकाच, म्हणजे दहाबारा पिक्सेल बाहेर वाढवायचा आणि कड किंचित धूसर करायची. मग ताण पाण्यावर पडतो. सपाट निळ्या रंगात तो कोणाला दिसत नाही.

पण पाऊस? त्याच्या बारीक रेघा किंचित वेगळ्या कोनांत पूल, पाणी, काठ सगळ्यांवरून जातात. चित्रासकट हलवल्या, तर पुलाच्या कडेशी प्रत्येक रेघ वाकते. एवढ्यावरूनच युक्ती उघडी पडते. मी प्रतीतल्या रेघा शेजारच्या रंगाने पुसतो आणि पाऊस वेगळ्या पारदर्शक थरावर नव्याने काढतो. काम किचकट आहे, विशेषतः छत्र्यांपाशी. हा थर डोळ्यांच्या सर्वांत जवळचा, म्हणून तो पुलापेक्षा थोडा जास्त, चौदापंधरा पिक्सेल सरकवायचा.

सरकणे तीस-चाळीस पिक्सेलवर नेले, तर मात्र पुलामागचे न काढलेले पाणी मागितले जाते. ते चित्रात नाहीच. मग नकाशा सोडून थर सुटे कापावे लागतात आणि मागचे पाणी रंगवावे लागते.