पट्टी कशाने तापली?

गेल्या महिन्यात कळंबोलीतलं बिऱ्हाड आवरलं. शेवटच्या आठवड्यात शेजारची मुलगी प्रवेशपरीक्षेचं गणित घेऊन आली नि विचारलं, "सर, या वायूत उष्णता किती आहे?" बारावीपर्यंत पोचलेल्या मुलीच्या तोंडचा तो प्रश्न मला फार लागला.

सिडकोच्या वसाहतीतली माझी सुरुवातीची वर्षं कंटाळवाणी गेली. शिकवणं रंगलं ते द्रुतगती मार्ग सुरू झाल्यानंतरच्या दहा वर्षांत. मुलांना मी पोलाद बाजारात न्यायचो. लोखंडाची एक पट्टी ज्योतीवर तापवायची, दुसरी कानशीने घासून तेवढीच गरम करायची. मग दोन्ही हाती देऊन विचारायचं, कुठली कशाने तापली? सांगता येत नसे. एकीला उष्णता मिळाली, दुसरीवर कार्य झालं. पण पट्टीत उरली ती फक्त आंतरिक ऊर्जा. ज्यूलने 1840 च्या दशकात पाणी घुसळून ते तापवलं, त्यातलं मर्म हेच.

मग फळ्यावर वायू यायचा. 2 बार दाब, 1 लिटर. शेवटी 1 बार, 2 लिटर. दाब गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं, म्हणजे आदर्श वायूचं तापमान तेच आणि आंतरिक ऊर्जाही तीच. आता वाटा बघा. 2 बारवरच फुगवून मग थंड केला, तर वायू 200 ज्यूल कार्य करतो. आधी थंड करून 1 बारवर फुगवला, तर 100. तापमान स्थिर राखत सावकाश फुगवला, तर सुमारे 139. निर्वात जागेत मोकळा सोडला, तर शून्य. ऊर्जेत बदल नाही, म्हणून प्रत्येक वाटेवर घेतलेली निव्वळ उष्णताही तेवढीच: 200, 100, 139, शून्य.

हुशार मुलं विचारत, आंतरिक ऊर्जाही वाटेवर अवलंबून असती तर? तर एका वाटेने जाऊन दुसरीने परत यायचं. वायू होता तसाच, आणि हातात फुकटची ऊर्जा. असं यंत्र कधी चाललेलं नाही. मात्र अवस्था म्हणजे केवळ तापमान नव्हे. थंड असताना वाकवलेल्या सळईत, ती निवल्यावरही, थोडी ऊर्जा साठून राहते.

म्हणूनच उष्णता आणि कार्य यांच्यामागे मी कधी डेल्टा लिहू दिला नाही. डेल्टा म्हणजे शेवटचं वजा सुरुवातीचं, आणि या दोघांना सुरुवातीची किंमतच नसते. एका क्लासच्या चालकांनी याला वेळेचा अपव्यय म्हटलं आणि माझे तास काढून घेतले. तो राग अजून गेलेला नाही. त्या मुलीच्या वहीत दोन्हींमागे डेल्टा होता.

शिकवणाऱ्यांनो, सूत्र देण्याआधी मुलांच्या हाती दोन गरम पट्ट्या द्या.