तक्रार कधी थांबली, ते शोधा

"शीट मेटल प्रेस शॉपमध्ये 21 वर्षांचा अनुभव. उत्पादनाची संपूर्ण जबाबदारी. 40 कामगारांचं नियोजन. मेहनती आणि प्रामाणिक."

भोसरीच्या एका कारखान्यातून कमी केलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या असिस्टंट मॅनेजरने लिंक्डइनवर आणि नौकरी डॉट कॉमवर हा मजकूर टाकला होता. गोष्टीतले हे गृहस्थ कल्पित आहेत, पण त्यांचं काम भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये रोज चालतं आणि हा मजकूर तर शेकडो जणांच्या प्रोफाइलवर असाच सापडेल. त्यात खोटं काही नाही. अडचण अशी की यातलं एकही वाक्य फक्त त्यांचं नाही. शेजारच्या कारखान्यातल्या कोणाचंही नाव त्याखाली घातलं तरी चालेल.

प्रोफाइल पुन्हा लिहायला बसल्यावर त्यांनी बहुतेक जण करतात तेच केलं: बक्षिसं आठवायला लागले. दोन प्रशस्तिपत्रकं निघाली, तीही सुरक्षा सप्ताहाची. एकवीस वर्षांत आपण काहीच केलं नाही की काय, असं वाटायला लागतं ते इथेच.

कारखान्यातल्या कामाचा स्वभावच असा असतो की अडचण असते तोवर तिचा बोभाटा होतो आणि ती सुटली की त्याबद्दल कोणी बोलत नाही. नवी पद्धत सहा महिन्यांत अंगवळणी पडते आणि वर्षभराने "हे असंच चालतं" म्हणून नव्या माणसाला शिकवली जाते. ज्याने ती बसवली तोही विसरतो. त्यामुळे कर्तबगारीची नोंद बक्षिसांत क्वचितच सापडते. ती तक्रारींच्या नोंदींमध्ये असते, जिथे तक्रार थांबली त्या जागी.

कामावरून कमी झाल्याच्या दिवशीच लॅपटॉप परत गेला, कंपनीचा ईमेल बंद झाला. आतली कागदपत्रं मागणं योग्य नव्हतं, मिळालीही नसती. घरात मात्र स्वतःच्या खिशातल्या डायऱ्या होत्या, पगारवाढीची पत्रं होती आणि फोनमध्ये जुने सहकारी होते.

2016 च्या डायरीत एक शब्द सारखा दिसत होता: बर. पत्रा पंच होताना कडेला जी धारदार कोर निघते ती बर. ड्रॉइंगवर तिची मर्यादा 0.2 मिलिमीटर होती. पंच आणि डायची धार बोथट झाली की बर वाढते, ग्राहकाच्या असेंब्लीत पार्ट नीट बसत नाही, पार्ट हाताळताना बोटं कापतात. "बर कम्प्लेंट, सॉर्टिंगला चार माणसं पाठवली" अशा नोंदी महिन्यातून दोनदा तरी होत्या. ऑगस्टनंतर मात्र हा शब्द जवळजवळ नाहीसाच झाला.

ऑगस्टमध्ये काय झालं होतं? मागची पानं चाळल्यावर आकड्यांची एक ओळ सापडली आणि सगळं आठवलं. तोवर डायला धार लावायची ती तक्रार आल्यावर. त्यांनी दर 5,000 स्ट्रोकनंतर एक पार्ट काढून बर मोजायला सुरुवात केली. 50,000 च्या पुढे ती मर्यादेला टेकते असं दिसलं. मग तक्रारीची वाट न पाहता 40,000 स्ट्रोक झाले की डाय टूल रूमला पाठवायची, असा नियम त्यांनी केला. डायजवळ एक पाटी लावली आणि काउंटरचा आकडा प्रत्येक शिफ्टला तिच्यावर लिहायला लावला. बस्स, एवढंच. पण पुढच्या वर्षभरात त्या पार्टची एकच तक्रार आली.

दुसरी गोष्ट एका जुन्या सेटरने आठवून दिली. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आधी डाय बदलायला चहाच्या सुट्टीपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ जायचा. तुम्ही ते पॅकिंग लावायला सांगितलंत ना, तेव्हापासून सुटलो आम्ही." 250 टनी प्रेसवर डाय बदलायला सत्तर मिनिटं लागायची, कारण प्रत्येक डायची उंची वेगळी आणि दर वेळी प्रेसची शट हाइट नव्याने लावायची. त्यांनी बुटक्या डायखाली कायमच्या प्लेटा बसवून सगळ्यांची उंची सारखी केली, बोल्स्टरवर लोकेटिंग पिना दिल्या आणि प्रेस चालू असतानाच पुढची डाय ट्रॉलीवर तयार ठेवायची शिस्त लावली. वेळ पंचवीस मिनिटांवर आला. दिवसाला तीन बदल धरले तर रोजचे सव्वादोन तास वाचले, म्हणजे पंचवीस कामाच्या दिवसांत पन्नासहून जास्त तास.

या पद्धतीला एसएमईडी म्हणतात. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी ती मांडली आणि डाय बदलण्याचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायचा, हे तिचं ध्येय. नोकरी देणारे प्रोफाइल शोधतात ते असल्याच शब्दांनी, त्यामुळे तो शब्द मजकुरात हवा. पण पंचवीस मिनिटं म्हणजे एसएमईडी साधलं असं नाही. "एसएमईडीच्या तत्त्वांनुसार" एवढंच लिहिणं खरं, आणि प्रेस शॉप जाणणाऱ्या माणसासमोर तेवढंच टिकतं.

अशा प्रत्येक ओळीला लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. आधीचा आकडा कुठून आला? यात माझा वाटा कोणता आणि इतरांचा कोणता? हे खरं म्हणून सांगणारा कोणी आहे का? बरच्या कामात नियम त्यांचा होता, धार टूल रूमने लावली. ते तसंच लिहायचं. तक्रारींचा आकडा क्वालिटीतल्या जुन्या सहकाऱ्याला विचारून ताडून घेतला. ग्राहकाचं नाव आणि पार्टची किंमत ही कंपनीची माहिती, म्हणून ती गाळली. नोकरीच्या तारखा भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीशी जुळवून पाहिल्या, कारण नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा तिथे फरक निघाला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला 220 अक्षरांची आणि परिचयाला 2,600 अक्षरांची मर्यादा आहे. परिचयाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, म्हणून सगळ्यात भक्कम काम तिथेच हवं. नवा मजकूर असा झाला:

"प्रेस शॉप उत्पादन, 250 टनी प्रेस. एसएमईडीच्या तत्त्वांनुसार डाय बदलण्याचा वेळ 70 मिनिटांवरून 25 वर आणला. स्ट्रोक मोजून डायला धार लावण्याचा नियम बसवला, टूल रूमसोबत. बरच्या तक्रारी महिन्याला दोनवरून वर्षाला एकावर आल्या."

मेहनती आणि प्रामाणिक हे शब्द गेले. 40 कामगार राहिले, पण शेवटच्या ओळीत.

यातून नोकरी मिळेलच असं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी पगाराची अपेक्षा आणि पद जुळणं अवघड असतं, ते मजकुराने सुटत नाही. मुलाखतीत मात्र फरक पडतो. "तुमच्या जमेच्या बाजू सांगा" असं विचारण्याऐवजी समोरचा माणूस विचारतो, "40,000 हा आकडा कसा ठरवलात?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला आत्मविश्वास आणावा लागत नाही. दर 5,000 ला पार्ट काढून मोजला होता, एवढं सांगितलं की पुढची अर्धा तास बोलणी कामाचीच होतात.

जे आज नोकरीत आहेत त्यांनी यातली एक सवय उचलावी. कामात काही बदल करणार असाल तर आधीचा आकडा तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, कंपनीची गुप्त माहिती सोडून. नंतरचा आकडा कधीही मोजता येतो. आधीचा मात्र बदल झाला की कायमचा जातो, आणि त्याच्याशिवाय तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही सांगता येत नाही.