झेंडूचा भरगच्च हार ओवण्याची रीत

दसरा-दिवाळीस झेंडूचा हार विक्रीस नेणाऱ्या शेतकऱ्यांचा अनुभव असा की, फुले पुष्कळ घालूनही हार विरळ दिसतो. याचे कारण फुलांची संख्या नसून त्यांतील अंतर हे होय.

दव सुकल्यावर फुले तोडावीत, कारण ओली फुले हारात लवकर काळी पडतात. सारख्या आकाराची फुले निवडून देठ मुळाशी कापावेत. प्रथम दहा फुले ओवून एकमेकांस टेकतील एवढीच सरकवावीत व लांबी मोजावी. समजा, ती २५ सेंटीमीटर भरली; तर १५० सेंटीमीटर हारास साठ फुले लागतील. चार मीटर सुती दोरा दुहेरी करून दोन्ही टोकांस २५ सेंटीमीटर मोकळे सोडावे आणि मधल्या भागावर दर २५ सेंटीमीटरला हळदीची खूण करावी. पहिल्या खुणेवर देठाचा तुकडा आडवा बांधावा, म्हणजे फुले निसटत नाहीत.

पहिल्या तीस फुलांत सुई देठाकडून मध्यभागी घालून पाकळ्यांकडून काढावी. पुढील तिसांत उलट करावे. त्यामुळे मध्यावर फुले समोरासमोर येतात, हिरवे देठ दिसत नाहीत आणि हाराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. प्रत्येक दोन खुणांमध्ये दहाच फुले बसवावीत. पाकळ्या मागे दुमडल्या तर फुले फार दाटली असे समजावे. अशा हाराच्या पाकळ्या गळतात. दोरा दिसू लागल्यास फुले जवळ सरकवावीत, कारण फूल सुकताना आकसते व फट वाढतच जाते.